काम हलकं करून मागण्याचं पत्र: साहेबांना किती सांगावं, काय मागावं

प्रश्न: मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कास्टिंग कारखान्यात अकाउंट्स बघते. खरेदी आणि बँकेचं काम माझं होतं. मार्चअखेर सोबतचे नोकरी सोडून गेले, तेव्हापासून विक्रीची बिलं, ई-वे बिल, जीएसटी, पीएफ आणि ईएसआय पण माझ्याकडेच आहे. रात्रीची झोप गेलीय, डॉक्टरांकडे जातेय. साहेबांना पत्र लिहून काम कमी करून मागायचंय, पण घरचं आणि औषधांचं काही सांगायचं नाही. साहेब आमच्या शेजारच्याच गल्लीत राहतात. नोकरीवर गदा न येता हे कसं लिहू?

उत्तर:

पत्र कामाच्या वाटणीबद्दल लिहा, तब्येतीबद्दल नको. तब्येतीला त्यात एक वाक्य पुरे. तुमची झोप परत आणणं साहेबांच्या हातात नाही. एका टेबलावरचं काम उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवणं मात्र त्यांच्या हातात आहे. कुठलं काम, कधीपासून, किती दिवस आणि कुणाकडे, एवढं त्यांना पत्रातून कळलं की ते ‘हो’ म्हणू शकतात. ते कळलं नाही तर मनात कितीही असलं तरी त्यांना काही करता येत नाही.

बेळगाव आणि निपाणीकडच्या कारखान्यांत मी बरीच वर्षं एचआर सांभाळतोय. अशी पत्रं माझ्या टेबलावर नेहमी येतात आणि जी फसतात ती बहुतेक दोन प्रकारची असतात. काही एका ओळीची असतात: ‘कामाचा ताण खूप आहे, तरी काम कमी करावे.’ वाचणाऱ्याला पुढे काय करायचं तेच समजत नाही, म्हणून तो ‘बघूया’ म्हणतो आणि पत्र फायलीत जातं. काही पत्रं दोन पानांची असतात. त्यांत सासूबाईंचं आजारपण, घराचं कर्ज, गोळ्यांची नावं, रात्री दोनला येणारी जाग, सगळं असतं. साहेबांना वाईट वाटतं, दोन दिवस ते मऊ बोलतात आणि तिसऱ्या दिवशी मनात शंका येते की हिच्याकडे पेमेंटचं काम ठेवावं की नाही. ताण हलका व्हावा म्हणून मन मोकळं केलं आणि विश्वास तेवढा हलका झाला, असं होऊन बसतं.

शिवाय कागद साहेबांपाशी थांबत नाही. काम दुसऱ्याकडे द्यायचं तर मालकांना विचारावं लागतं, म्हणजे पत्र वर जातं. पगाराचं काम बाहेरच्या कन्सल्टंटकडे असेल तर कधी तिकडेही जातं. शेवटी ते तुमच्या पर्सनल फायलीत लागतं आणि तीन वर्षांनी येणारा नवा मॅनेजरही ते वाचतो. म्हणून प्रत्येक वाक्य लिहिल्यावर स्वतःला विचारा: हे वाक्य मालकांनी, कॅशियरने आणि अजून न आलेल्या मॅनेजरने वाचलं तर मला चालेल का? चालत नसेल तर ते खोडा. तोंडी सांगायचं राहिलं तर ते उद्याही सांगता येतं. लिहून दिलेलं परत घेता येत नाही.

आता मागायचं काय ते ठरवू. पत्राला बसण्याआधी दोन आठवडे डायरीच्या मागच्या पानावर रोज तीन गोष्टी टिपा: कुठलं काम, किती वेळ, घरी किती वाजता निघालात. हे कुणाला दाखवायचं नाही, ते तुमच्यापुरतं आहे. तुमच्या कामाची यादी वाचून मला एक गोष्ट मात्र आत्ताच दिसते. तुमचा भार महिनाभर सारखा नाही. टीडीएस भरायची शेवटची तारीख ७, जीएसटीआर-१ ची ११, पीएफ आणि ईएसआयची १५, जीएसटीआर-३बी ची २०. मध्ये १४ तारखेला २बी तयार होतं आणि खरेदीच्या बिलांशी ते जुळवत बसावं लागतं. पूर्वी यातली ७ तारीख आणि बँक एवढंच तुमचं होतं. आता ५ ते २० च्या पंधरवड्यात चार मुदती एकाच माणसावर आहेत, आणि रोजची बिलं चुकत नाहीतच.

दुसरी गाठ रोजची आहे, ती संध्याकाळची. आपल्याकडचा बराच माल कोल्हापूरकडे, शिरोली आणि गोकुळ शिरगावला जातो. अंतर दोन-अडीच तासांचं, पण राज्य बदलतं, म्हणून आयजीएसटीचं बिल लागतं आणि मालाची किंमत ५०,००० च्या वर असली की ई-वे बिल. गाडी भरून होते संध्याकाळी सातला. वजन आणि नग नक्की झाल्याशिवाय बिल करता येत नाही, म्हणून तुम्ही थांबता. त्या एका गाडीपायी घरी पोचायला साडेआठ होतात. असं असेल तर तुमचा ताण कामाच्या ढिगाइतकाच न संपणाऱ्या दिवसाचाही आहे, आणि त्यावरचा उपाय वेगळा आहे.

म्हणून ‘काम कमी करा’ असं मागू नका. दोनच गोष्टी मागा. पहिली, पीएफ-ईएसआय आणि हजेरी दुसऱ्या कुणाकडे द्यावी. ते काम अकाउंट्सचं असलंच पाहिजे असं नाही. टाइम ऑफिस किंवा बाहेरचा कन्सल्टंट ते करू शकतो आणि १५ तारखेची मुदत तुमच्या डोक्यावरून जाते. दुसरी, संध्याकाळच्या गाड्या. दुपारी चारपर्यंत डिस्पॅचकडून भरतीची यादी आली तर त्या गाड्यांची बिलं आणि ई-वे बिलाचा भाग ‘अ’ तुम्ही साडेपाचपर्यंत करून ठेवाल. गाडीचा नंबर भाग ‘ब’ मध्ये जातो आणि तो डिस्पॅचचा सुपरवायझर घालू शकतो. ई-वे बिलाच्या पोर्टलवर कंपनीला सब-युझर तयार करता येतो, त्यामुळे तुमचा पासवर्ड कुणाला द्यावा लागत नाही. बिलाची मुदतही भाग ‘ब’ भरल्यापासून मोजली जाते, म्हणून भाग ‘अ’ आधी केल्याने काही बिघडत नाही. चारनंतर ठरलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी जाईल, किंवा तिचं बिल कोण करणार ते साहेबांनी ठरवावं. या शेवटच्या वाक्यावर साहेब अडतील, कारण गिऱ्हाईक थांबत नाही. अडू द्या. निदान बोलणं तुमच्या झोपेवरून गाडीच्या वेळेवर येईल आणि आपल्याला तेच हवं आहे.

जीएसटी काढून द्या असं मी या पत्रात मागणार नाही. ते काम आता तुमच्या हाती बसलं आहे, नवा माणूस घडायला वेळ लागेल, आणि पत्रात तीन मागण्या आल्या की वाचणारा सगळ्यात सोपी उचलतो आणि बाकीच्या विसरतो. रिकामी जागा भरायचा प्रश्न पत्रात एका ओळीत विचारा, अट म्हणून घालू नका.

आता तब्येतीचं वाक्य. ‘डिप्रेशन’, ‘एन्झायटी’, गोळ्यांची नावं, डॉक्टरांचं नाव, यातलं काहीच नको. उलट्या बाजूने खोटंही नको. ताण सांगायला संकोच वाटतो म्हणून लोक ‘मणक्याचा त्रास’ किंवा ‘बीपी’ लिहितात. मग चार महिने मणक्याबद्दलच विचारणा होत राहते, आणि शेजारच्या गल्लीत राहणारे साहेब तुम्हाला पाण्याची घागर उचलताना बघतात. खरं तेच सांगा, फक्त थोडं सांगा. तब्येतीवर परिणाम होतोय, उपचार चालू आहेत, कामाचे तास आवरायला सांगितलं आहे. डॉक्टरांनी तसं खरोखर सांगितलं असेल तरच हे शेवटचं लिहा, कारण मागाहून कागद मागितला जाऊ शकतो. सांगितलं नसेल तर पुढच्या भेटीत विचारा.

तुमच्या जागी मी हे पत्र असं लिहीन:

विषय: कामाच्या वाटणीबाबत विनंती

आदरणीय साहेब,

मार्चअखेरपासून विक्रीची बिले, ई-वे बिल, जीएसटी आणि पीएफ-ईएसआय ही कामे माझ्या मूळ कामासोबत मी पाहत आहे. आतापर्यंत सर्व रिटर्न मुदतीत भरले गेले आहेत.

दर महिन्याच्या ५ ते २० तारखेच्या काळात टीडीएस, जीएसटी, पीएफ आणि ईएसआय यांच्या मुदती एकापाठोपाठ येतात. त्याच दिवसांत संध्याकाळच्या गाड्यांच्या बिलांसाठी मला बहुतेक दिवशी साडेसातपर्यंत थांबावे लागते. या सलग ताणाचा परिणाम माझ्या तब्येतीवर होत असून उपचार चालू आहेत. डॉक्टरांनी काही काळ कामाचे तास मर्यादित ठेवण्यास सांगितले आहे.

म्हणून पुढील ३ महिन्यांसाठी माझी विनंती अशी आहे:

पीएफ, ईएसआय आणि हजेरीचे काम टाइम ऑफिसकडे किंवा कन्सल्टंटकडे द्यावे. पहिल्या महिन्यात मी शेजारी बसून ते शिकवीन.

गाड्यांच्या भरतीची यादी मला दुपारी ४ पर्यंत मिळावी. त्या गाड्यांची बिले मी ५.३० पर्यंत पूर्ण करीन. गाडी नंबर भरण्यासाठी डिस्पॅचला ई-वे बिलाचा स्वतंत्र सब-युझर द्यावा. ४ नंतर ठरणाऱ्या गाड्यांची व्यवस्था आपण सांगाल तशी करू.

खरेदी, बँक, टीडीएस आणि जीएसटी ही कामे मी पूर्वीप्रमाणे सांभाळीन. रिकाम्या जागेबाबत काय ठरले आहे हे कळल्यास मला पुढचे नियोजन करता येईल.

३ महिन्यांनी आपण याचा एकत्र आढावा घ्यावा. या विषयावर बोलण्यासाठी आपल्याला सोयीची वेळ कळवावी.

आपली नम्र,

पत्र एवढंच. ‘सर्व रिटर्न मुदतीत भरले’ हे वाक्य तुमच्या बाबतीत खरं असेल तर पहिल्या परिच्छेदातच हवं. तब्येतीचं वाक्य वाचण्याआधी वाचणाऱ्याला दिसतं की काम करणारं माणूस बोलतंय. रिटर्न उशिरा गेला असेल तर ते वाक्य गाळा, सबब देऊ नका. सोडून गेलेल्या सहकाऱ्याबद्दल एक अक्षर नाही, हेही बघा. राजीनाम्याचा उल्लेख तर नकोच, आडूनसुद्धा. तो शब्द एकदा कागदावर आला की मालक तुमची जागा भरायला लागतात.

३ महिन्यांची मुदत मुद्दाम घातली आहे. ‘कायमचं कमी करा’ म्हटलं की साहेबांना तुमच्या पगाराचा प्रश्न पडतो. ३ महिने म्हटलं की त्यांना सोय करता येते आणि तेवढ्यात ती सोय अंगवळणी पडते.

विषयाच्या ओळीत ‘ताण’ किंवा ‘तब्येत’ नको. साहेबांची मेल उघडी असते, ऑफिस बॉयपासून सगळे त्या स्क्रीनपाशी येतात, आणि विषयाची ओळ न उघडताही दिसते. मेल फक्त साहेबांना पाठवा, कॉपी कुणालाही नको. व्हॉट्सअ‍ॅपवर अजिबात नको, तिथून पुढे ढकलायला बोट लागतं फक्त. कचेरीचा व्यवहार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये चालत असेल तर पत्र त्या भाषेत लिहा. वर वाक्यं लहान ठेवली आहेत ती त्यासाठीच. आपल्या भागात मालक कन्नड, मॅनेजर मराठी आणि कन्सल्टंट तिसऱ्याच भाषेचा, असं सर्रास असतं. पत्र वर गेल्यावर त्याचा अर्थ दुसऱ्या कुणी सांगावा लागू नये.

वेळही बघा. ५ ते २० मध्ये हे पत्र देऊ नका, त्या दिवसांत साहेबही पेटलेले असतात. २२-२३ तारखेला आधी तोंडी पाच मिनिटं मागा, बोला आणि त्याच दिवशी पत्र द्या. न सांगता मेल गेली तर साहेबांना आधी तक्रार झाल्यासारखं वाटतं आणि मग ते मजकूर त्याच नजरेने वाचतात.

समोरासमोर पहिला प्रश्न ठरलेला आहे: ‘झालंय काय ओ नेमकं तुम्हाला?’ तो आपुलकीनेच येतो, म्हणून टाळायला जड जातो. उत्तर आधी घरी चार वेळा म्हणून ठेवा: ‘तब्येतीचं आहे साहेब, औषधपाणी चालू आहे. त्याचं मी बघते. संध्याकाळच्या गाड्यांचं तेवढं जमलं तर मला फार मदत होईल.’ वाक्याचा शेवट कामावर आणा, म्हणजे पुढचा प्रश्नही कामाचाच येतो. पुन्हा विचारलं तर तेच वाक्य पुन्हा, शब्द न बदलता. दर वेळी थोडं जास्त सांगत गेलं की शेवटी सगळंच सांगून होतं.

‘ताण सगळ्यांनाच आहे की’ असंही म्हणतील. त्यावर वाद घालू नका. ‘खरं आहे साहेब. माझ्याकडे ७, ११, १५ आणि २० या चारही तारखा आल्यात, त्यातली एक हलवा म्हणते.’ आणि ‘मग महिनाभर रजाच घ्या’ म्हणाले तर सांभाळून. रजा ही वाईट गोष्ट नाही आणि डॉक्टरांनी सांगितली असेल तर घ्यावीच. तुमचा पगार ईएसआयच्या मर्यादेत, म्हणजे महिना २१,००० पर्यंत असेल, तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत साधारण ७० टक्के पगार तिकडून मिळू शकतो. पण रजेवरून परत आल्यावर चार मुदती त्याच टेबलावर असणार. म्हणून रजा आणि वाटणी वेगवेगळ्या बोला.

डॉक्टरांचा कागद मागितला तर तो द्यावा, पण कसा द्यावा हे महत्त्वाचं आहे. त्यावर तीन गोष्टी पुरतात: उपचार चालू आहेत, कामावर येण्यास योग्य आहे, अमुक तारखेपर्यंत इतक्या तासांपेक्षा जास्त काम नको. आजाराचं नाव लिहू नका असं डॉक्टरांना सांगता येतं. एक गोष्ट मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. मानसोपचार तज्ज्ञांच्या लेटरहेडवर आलेल्या कागदात आजार लिहिला नसला तरी लेटरहेडच तो सांगतं. तुमच्या तब्येतीची माहिती असलेले फॅमिली डॉक्टर असतील तर कागद त्यांच्याकडून घ्या. साहेब ओळखीतून दवाखान्यात फोन करतील अशी भीती असेल तर एवढं लक्षात ठेवा: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अशा उपचारांची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नोकरी देणाऱ्याला ती विचारून मिळत नाही. तुम्ही डॉक्टरांना तसं आधी सांगूनही ठेवा.

हे पत्र विनंतीच आहे, हेही मनात पक्कं असू द्या. ताण आहे म्हणून काम हलकं करून द्या, असा थेट हक्क खाजगी कारखान्यात हातात धरून बसता येत नाही. म्हणून पत्रात कलमं घालू नका. कामाचे तास आणि ओव्हरटाइमचे नियम आहेत, पण त्यांचा सूर लावला की साहेब मदतीच्या भूमिकेतून बचावाच्या भूमिकेत जातात. तो रस्ता वेगळा आहे आणि त्यासाठी वेगळा सल्ला घ्यावा.

साहेब ‘हो’ म्हणाले तर त्याच संध्याकाळी दोन ओळींची मेल टाका: ‘आज ठरल्याप्रमाणे १ तारखेपासून पीएफ-ईएसआय टाइम ऑफिस पाहील आणि भरतीची यादी ४ पर्यंत मिळेल. आभारी आहे.’ पुढच्या भांडणाची तयारी म्हणून ही मेल नाही. साहेबांनाच डिस्पॅचला सांगताना ती दाखवता येते.

पुढे खरी अडचण ओटीपीची येते. काम कागदावर हलतं, पण पोर्टलवर मोबाइल नंबर तुमचाच राहतो. मग रात्री नऊला टाइम ऑफिसचा फोन: ‘मॅडम, ओटीपी आला असेल बघा की.’ ई-वे बिलाच्या पोर्टलवरही आता लॉगिनला ओटीपी लागतो आणि सब-युझरचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या नंबरवर जातो, म्हणून सब-युझर त्याच्याच मोबाइलवर काढून घ्या. पीएफ आणि ईएसआयच्या लॉगिनलाही तुमचा नंबर जिथे जिथे असेल तिथे कंपनीकडून बदलून घ्या. पहिल्या पंधरवड्यात रात्री असे किती फोन येतात ते डायरीत टिपा. काम खरंच हललं की नाही, हे त्या पानावरून कळेल.

आठवडा-दोन आठवडे उत्तरच आलं नाही तर नवं पत्र लिहू नका. त्याच मेलवर एक ओळ टाका की पुढच्या महिन्याची ५ तारीख जवळ आली आहे, निदान भरतीच्या यादीचं १ तारखेपासून करूया का. दोन मागण्यांपैकी खर्च नसलेली एक पुढे केली की सुरुवात होते. तीही नाकारली तर नकाराचं कारण विचारा. माणूस नाही म्हणून नकार असेल तर कन्सल्टंटच्या महिन्याच्या खर्चाचा आकडा घेऊन मालकांपर्यंत जाता येतं, साहेबांना सांगूनच.

आणि एक गोष्ट पत्राच्या आधीची. झोप आठवड्यांमागून आठवडे लागतच नसेल, कामावर निघताना छातीत धडधडत असेल किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर पत्र बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांना हे स्पष्ट शब्दांत सांगा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कधीही मोफत बोलता येतं, मराठीतही. बेळगावात कुणी ओळखीचं भेटेल म्हणून संकोच होत असेल तर धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. सकाळी निघून संध्याकाळी घरी परत येता येतं. तिथे बोललेलं सगळं तुमच्या आणि डॉक्टरांच्या मधलं आहे. साहेबांच्या पत्रात त्यातलं वर लिहिलेलं एकच वाक्य जाईल.